कापडी पिशवीवर काय लिहिलेले असावे?

भंडारा जिल्ह्यातील मुख्याधिकाऱ्यांना एका पिशवी दुकानदाराचे खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद भंडारा, तुमसर, पवनी, साकोली
आणि नगरपंचायत मोहाडी, लाखनी, लाखांदूर

विषय: कापडी पिशव्या खरेदी करताना कापड, माप, शिलाई, भार आणि वजन या पाचही गोष्टी मागणीपत्रात लिहिण्याबाबत.

महोदय,

राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक बंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांची मुदत संपल्यावर २३ जूनपासून ती प्रत्यक्षात आली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, हे आकडे तेव्हापासून प्रत्येक दुकानदाराला पाठ आहेत. प्लास्टिकची पिशवी कशी ओळखायची, तेही सगळ्यांना कळते. पण तिच्या जागी जी कापडी पिशवी यायची, ती कशी असावी हे कुणीच नीट सांगितले नाही. ‘कापडी पिशवी’ एवढे दोनच शब्द सगळीकडे वापरले जातात, आणि त्या दोन शब्दांच्या आड बाजारात वाटेल तो माल विकला जातो.

मी भंडाऱ्यात कापडी पिशव्या शिवून विकते. माझ्याबरोबर आणखी काही बायका मशीनवर बसतात. मोठ्या खरेदीसाठी दर मागवणारी जी पत्रे आमच्यासारख्यांकडे येतात, त्यांत पुष्कळदा नग किती आणि दर काय, एवढीच विचारणा असते. कापड कोणते, किती जाड, धुतल्यावर माप किती राहावे, बंद कसा शिवावा, याचा उल्लेख नसतो. मग सगळ्यांत कमी दराचा माल घेतला जातो, आणि तो बहुतेक वेळा एक तर कापडच नसतो किंवा दोन धुण्यांत मरणारे कापड असते. आपण सातही जण आपापल्या गावासाठी पिशव्या घ्याल, बचत गटांकडून शिवून घ्याल, व्यापाऱ्यांना घ्यायला सांगाल. म्हणून पिशवीच्या दुकानाच्या फलकावर आणि आपल्या मागणीपत्रावर नेमके काय लिहिलेले असावे, ते मला इथे सविस्तर मांडायचे आहे.

कापड की कापडासारखे काही

सुरुवात कापडापासूनच करू. बाजारात रंगीत, हलक्या, हाताला जराशा खरखरीत पिशव्या मिळतात. त्यांच्यावर बारीक ठिपक्यांची किंवा चौकड्यांची दाबलेली नक्षी असते. मिठाईच्या आणि कपड्यांच्या दुकानांत त्या सर्रास दिसतात आणि लोक त्यांना कापडी म्हणतात. व्यापारात त्यांना ‘नॉन-वोव्हन’ म्हणतात. त्या पॉलिप्रोपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. प्लास्टिकचे तंतू पसरून, उष्णतेने दाबून एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यात विणकाम नसते. केंद्र सरकारने १२ ऑगस्ट २०२१ रोजी प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यातच या पिशवीसाठी दर चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेतही ती प्लास्टिकच आहे, फक्त वजनाची अट पाळली तर चालणारे प्लास्टिक. ती विकू नका असे मी म्हणत नाही. तिला कापडी म्हणून विकू नये आणि कापडी म्हणून घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

ती ओळखायला यंत्र लागत नाही. आपल्या जिल्ह्यात आंधळगाव आणि मोहाडीकडे कोशाचे कापड विणले जाते, त्यामुळे ताणा आणि बाणा कशाला म्हणतात हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पिशवीच्या कापलेल्या कडेतून एक धागा ओढून बघा. कापड असेल तर उभा किंवा आडवा धागा सरळ निघून येतो. नॉन-वोव्हनमधून धागा निघत नाही, कापसाच्या बोंडासारखे तुटक तंतू हातात येतात. तरी शंका राहिली तर एक लहानसा तुकडा स्टीलच्या ताटलीत धरून जाळा. सुती कापडाला कागद जळल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरता येईल अशी राखाडी राख राहते. प्लास्टिक वितळते, थेंब होतो आणि थंड झाल्यावर त्याची कडक गोळी बनते. सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडात दोन्ही खुणा दिसतात, काही राख आणि तिच्यात खडे.

पिशवीसाठी सगळ्यांत सोयीचे कापड म्हणजे मांजरपाट. न रंगवलेले, न ब्लीच केलेले, पिवळसर कोरे सुती कापड. त्याचा रंग उतरून तांदळाला किंवा भाजीला लागत नाही, ते गरम पाण्यात धुता येते आणि पिशवी फाटली तर शेवटी पुसायच्या फडक्याला उपयोगी पडते. त्याहून जाड हवे असेल तर ड्रिल किंवा कॅनव्हास, पण त्याची पिशवी जड होते, उशिरा वाळते आणि भावही वर जातो. आठवड्याच्या बाजाराला मांजरपाट पुरेसा आहे, मात्र तो पुरेसा जाड हवा.

ही जाडी मोजायची कशी? कापडाच्या धंद्यात ती जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम. हे वजन घ्यायला चौरस मीटरभर कापड लागत नाही. दहा सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद तुकडा कापा, सराफाच्या काट्यावर ठेवा आणि जे ग्रॅम येतील त्यांना शंभराने गुणा. तुकडा १.४ ग्रॅम भरला तर कापड १४० जीएसएमचे. भाजी आणि किराण्याच्या पिशवीला मी १४०च्या खाली जात नाही. ८० जीएसएमचे कापड डाळ-तांदळाच्या लहान पोटलीला चालते, पण त्याच्या मोठ्या पिशवीत पाच किलो भार टाकला की शिलाईजवळचे धागे सरकू लागतात.

इथे एक फसगत होते, ती समजून घ्यायला हवी. मागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावलेली असते, आणि पातळ कापड भारदस्त वाटावे म्हणून नंतरही खळ चढवता येते. हाताला ते कडक आणि जाड लागते, काट्यावरही वजन दाखवते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि मागे जाळीसारखे कापड राहते. म्हणून तोच दहा सेंटिमीटरचा तुकडा वजन करून झाल्यावर कोमट पाण्यात साबणाने धुवा, कडकडीत वाळवा आणि पुन्हा वजन करा. जेवढे वजन घटले तेवढी खळ होती. त्याच वेळी तुकड्याची लांबी-रुंदीही मोजा. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटतेच, आणि लांबीच्या बाजूने जास्त आटते. मग जीएसएमचा आकडा फसवा येतो, कारण तुकडा लहान झालेला असतो. तेव्हा घट बघायची ती तुकड्याच्या एकूण वजनातली. मागणीपत्रात ‘धुतल्यानंतर’ हा एक शब्द असला की खळीचा आणि आटण्याचा, दोन्ही प्रश्न विकणाऱ्याच्या डोक्यावर जातात, आणि ते तिथेच असले पाहिजेत.

माप कापडाच्या पन्ह्यावरून ठरते

गिऱ्हाइकाला वाटते की माप ही आवडीची गोष्ट आहे. प्रत्यक्षात माप कापडाच्या पन्ह्यावर अवलंबून असते, आणि इथेच भावाचा मोठा भाग ठरतो. समजा मांजरपाटाचा पन्हा ४४ इंच आहे. आपल्याला १४ इंच रुंद पिशवी हवी. दोन्ही बाजूंच्या शिलाईसाठी एक इंच धरला तर तुकडा १५ इंचांचा कापावा लागतो. असे दोनच तुकडे ४४ इंचांत बसतात आणि १४ इंचांची पट्टी उरते. त्या पट्टीतून लहान पिशवी निघते हे खरे, पण मग एका मागणीत दोन मापांचा माल तयार होतो आणि तो वेगळा विकावा लागतो. तीच पिशवी १३ इंच रुंद ठेवली तर तुकडा १४ इंचांचा होतो आणि एका पन्ह्यात तीन तुकडे बसतात. उरलेले दोन इंचही वाया जात नाहीत. प्रत्येक तुकडा अर्धा इंच जास्त कापला की आटण्याची सोय होते. एक इंच रुंदी कमी केली आणि दोनाऐवजी तीन पिशव्या निघाल्या. मागणीपत्र लिहिण्याआधी कापणाऱ्या बाईला पाच मिनिटे विचारले तर एवढी बचत आपोआप होते.

उंची १६ इंच धरू. पिशवीला तळाला जोड नको, घडी हवी, म्हणजे तळाची शिलाई उसवण्याचा प्रश्नच राहत नाही. दोन्ही बाजूंचे १६ मिळून ३२ इंच आणि तोंडाच्या दुमडीसाठी तीन इंच, असा ३५ इंच लांब तुकडा लागतो. बंदांसाठी २२ इंच लांब आणि ३ इंच रुंद पट्ट्या, घडी घालून इंचभर रुंद होतील अशा. ४४ इंचांच्या पन्ह्यात आडव्या कापल्या तर एका ओळीत दोन पट्ट्या बसतात. तीन पिशव्यांना सहा पट्ट्या, म्हणजे तीन ओळी, म्हणजे आणखी नऊ इंच कापड. एकूण ३५ आणि ९ मिळून ४४ इंच लांबीत, साधारण १.१२ मीटर कापडात, तीन पिशव्या पूर्ण होतात.

या मापाच्या पिशवीत पाच किलो तांदूळ सहज मावतो आणि एका कुटुंबाची आठवड्याची भाजी बहुतेक बसते. औषधे, मिठाई, पुस्तके यांसाठी ८ बाय १० इंच किंवा १० बाय १२ इंच पुरे. दहा किलो तांदूळ न्यायचा असेल तर १५ बाय १८ इंचांची, तळाला चार इंच रुंदी ठेवलेली पिशवी लागते, आणि तिचे बंद फक्त तोंडाला न शिवता पिशवीच्या अंगावरून तळाखालून फिरवून घ्यावे लागतात, म्हणजे भार कापडावर न येता बंदावर येतो. दुकानात ही तीन-चार मापे असली की बस. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे माप काढायला गेले तर चिंध्या वाढतात आणि भाव चढतो.

माप ठरले की शिलाई बघा. पिशवी मध्ये फाटत नाही, ती बंदाजवळ तुटते. बंदाचे टोक दुमडीच्या आत किमान दीड इंच घेतलेले असावे आणि त्यावर चौकोन शिवून आत फुली मारलेली असावी. नुसती एक आडवी शिलाई असेल तर तो माल परत करा. बाजूच्या शिलाईला ओव्हरलॉक किंवा दुहेरी शिलाई हवी, नाहीतर कडेचे धागे सुटत जातात. परीक्षा सोपी आहे. नमुन्याची पिशवी आधी एकदा धुवा, मग तिच्यात दहा किलो भार घालून खिळ्याला रात्रभर टांगा आणि सकाळी बंदाच्या मुळाशी बघा. धाग्यांत फट पडली असेल तर ती पिशवी वर्ष काढणार नाही.

घाऊक भाव कुठवर उतरतो

आता भाव. कापडाचा दर हंगामाप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलतो, म्हणून मी खाली दिलेले आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत. त्यांच्या जागी त्या दिवसाचा दर घालावा.

अख्खा तागा घेतला तर १४० जीएसएमचा मांजरपाट ६० रुपये मीटर पडतो असे धरू. तीन पिशव्यांना १.१२ मीटर, म्हणजे एका पिशवीला सुमारे साडेबावीस रुपयांचे कापड. शिलाई ८ रुपये. कापणी आणि दोरा २ रुपये. एका रंगात नाव छापायचे तर छपाईची चौकट एकदाच बनवावी लागते, तिचे ५०० रुपये धरू, शिवाय शाई आणि छापणाऱ्याची मजुरी दर पिशवीला २ रुपये. पाचशे पिशव्यांची मागणी असेल तर चौकटीचा एक रुपया प्रत्येकीवर येतो. बेरीज साडेपस्तीस रुपये. त्यावर दुकानाचे भाडे, वीज, वाहतूक आणि नफा यांसाठी बारा टक्के घेतले की पिशवी चाळीस रुपयांना देता येते.

मागणी पन्नासचीच असेल तर काय होते? तागा फोडून किरकोळ कापड घ्यावे लागते, ते ७० रुपये मीटर धरले तर एका पिशवीला २६ रुपये. चौकटीचे ५०० रुपये पन्नासांत वाटले की प्रत्येकीवर १० रुपये. थोड्या मालात कापणीही महाग पडते, ती ३ रुपये धरू. शिलाईचे ८ आणि छपाईचे २ मिळवून बेरीज ४९, आणि विक्रीचा भाव पंचावन्नच्या घरात. म्हणजे पन्नासावरून पाचशेवर गेले की पिशवीमागे पंधरा रुपये उतरतात. ही घाऊक खरेदीची खरी बचत.

पण पुढचा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. दोन हजार पिशव्या घेतल्या तर चौकटीचा वाटा एका रुपयावरून चार आण्यांवर येतो. बाकी कापड तेवढेच लागते आणि शिलाईही तेवढीच. भाव चाळीसवरून एकोणचाळीसवर जातो, बस. पाचशेनंतर सुती पिशवीचा भाव जवळजवळ उतरत नाही. म्हणून कुणी दोन हजार नगांसाठी याच मापाची पिशवी बावीस रुपयांना देऊ केली, तर आनंद मानण्याआधी विचारा की कापडाचेच तेवढे पैसे होत असताना ती शिवली कशी. उत्तर तीनपैकी एक असते. कापड पातळ आहे, ते कापडच नाही, किंवा शिवणाऱ्या बाईच्या मजुरीला कात्री लागली आहे. आठ रुपये शिलाईने एखादीने दिवसात चाळीस पिशव्या पूर्ण केल्या तर तिच्या हातात ३२० रुपये येतात, आणि चौकोन-फुली मारून चाळीस पिशव्या करायला पूर्ण दिवस मान मोडावी लागते. हा दर चार रुपयांवर आणला तर ती फुली मारणार नाही, आणि तिने का मारावी?

माल आल्यावर आणखी एक पडताळा घेता येतो, आणि तो आपल्या कार्यालयातला शिपाईही करू शकेल. १३ बाय १६ इंचांची, १४० जीएसएमची एक पिशवी ५५ ते ६० ग्रॅम भरते. शंभराचा गठ्ठा म्हणजे साडेपाच ते सहा किलो. गठ्ठा काट्यावर ठेवा. तो साडेतीन किलो भरला तर कापड ८० जीएसएमच्या आसपासचे आहे आणि नमुना एक दाखवून माल दुसरा आला आहे. प्रत्येक पिशवी उलगडून पाहण्याची गरजच पडत नाही.

छपाईबद्दल एक गोष्ट. रबरासारखी उठून दिसणारी, बोटाला चिकट लागणारी छपाई बहुधा प्लॅस्टिसॉल शाईची असते, आणि ती शाई पीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकची असते. ‘प्लास्टिक टाळा’ हे वाक्य त्याच शाईत छापण्यात अर्थ नाही. पाण्यात कालवलेली पिग्मेंट शाई कापडात मुरते, इस्त्रीच्या उष्णतेने पक्की होते आणि घोषणेपेक्षा नाव आणि माप एवढेच छापले तर शाईही थोडी लागते.

चांगली पिशवी का, आणि जुनी साडी का

या सगळ्या काटेकोरपणाचे कारण सांगते. सुती पिशवी बनवायला कापूस, पाणी, वीज, मजुरी लागते, आणि ते ऋण ती वारंवार वापरली तरच फिटते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये केलेल्या अभ्यासात असे दिसले की हवामानावरचा भार एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा कमी व्हायचा तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये त्यांच्याकडच्या जाड प्लास्टिक पिशवीशी तुलना केली, तेव्हा हवामानापुरता हा आकडा ५२ आला आणि सगळे परिणाम एकत्र धरले, विशेषतः ओझोन थराचा, तर ७१०० आला. त्या देशात कचरा गोळा होऊन जाळला जातो, त्यामुळे नालीत अडकलेली, गाईच्या पोटात गेलेली, वैनगंगेत वाहत गेलेली पिशवी त्या हिशेबात जवळजवळ नाहीच. आपल्याकडे तीच मुख्य अडचण आहे, म्हणून ते आकडे जसेच्या तसे इथे लागू करता येत नाहीत. पण त्यांचा रोख खोटा नाही. आठवडी बाजाराला दर आठवड्याला एकच पिशवी नेली तर १३१ वेळा व्हायला अडीच वर्षे लागतात. जी पिशवी अडीच वर्षे टिकणार नाही ती वाटून आपण कापसाचाही अपव्यय करतो आणि प्लास्टिकही हटवत नाही. कार्यक्रमात फुकट वाटलेल्या दहा पिशव्या घरात पडून राहतात, त्यापेक्षा पैसे मोजून घेतलेली एक रोज बाहेर निघते.

याच कारणासाठी जुन्या साडीची पिशवी नव्या कापडाच्या पिशवीपेक्षा सरस ठरते, कारण तिचे कापड आधीच बनलेले आहे. साडेपाच मीटरच्या साडीतून वरच्या मापाच्या, बंदांसकट बारा पिशव्या निघतात. काठ बंदांसाठी वापरले तर आणखी दोन-तीन. मात्र साडी हातात घेऊन आधी ताणून बघावी लागते. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुती साडीचे कापड मधल्या भागात विरलेले असते, तिथे ते दुहेरी घ्यावे लागते. घरांत आता जास्त करून सिंथेटिक साड्याच निघतात. ते प्लास्टिकचेच धागे आहेत, हे लपवायचे कारण नाही. त्यांची पिशवी मजबूत होते, पावसात लवकर वाळते, आणि साडी फेकली जाण्यापेक्षा पाच वर्षे पिशवी म्हणून वापरली जाणे केव्हाही चांगले. फक्त तिच्यावर ‘सुती’ असे लिहू नये. साडीच्या पिशवीत कापडाचा खर्च नसतो, पण साड्या निवडणे, धुणे, उसवणे आणि वेगवेगळ्या पोताचे कापड कापणे यात वेळ जातो, म्हणून शिलाई, कापणी आणि दोऱ्याचा दर दहाऐवजी बारा रुपये धरावा लागतो. तरीही ती निम्म्याहून कमी भावात पडते.

खताच्या पोत्याची पिशवी मात्र नको. गावोगाव ती दिसते, कारण पोते फुकट आणि भक्कम असते. ते विणलेले असले तरी प्लास्टिकच्या पट्ट्यांचे असते, उन्हात ठेवले की त्याचे तुकडे गळू लागतात, आणि त्यात आधी युरिया किंवा दुसरे रसायन होते. भाजी आणि धान्यासाठी ते वापरू नये. धानाच्या खरेदीतले ज्यूटचे जुने बारदान बटाटे, नारळ, सरपण यांना चालते. त्याचे तंतू झडतात, म्हणून दळलेल्या किंवा शिजलेल्या वस्तूंना नाही.

प्रत्येक वस्तूला पिशवी नको

कापडी पिशवी सगळीकडे चालत नाही, हे दुकानदाराने स्वतःच फलकावर लिहावे. तळ्यातली मासळी, मटण, दही, पनीर यांना झाकणाचा डबा. डबा घरून आणणाऱ्याचे वजन करताना डब्याचे वजन आधी वजा करून दाखवले की गिऱ्हाईक पुन्हा डबा आणते. तेलाला बाटली, दळणाला डबा किंवा जाड कापडी पिशवी. डाळ-तांदळाला बारीक विणीची पोटली चालते, पण बेसन आणि मैदा तिच्यातून झिरपतात. मीठ ओल खेचते, त्याला बरणीच हवी. सुटे खाद्यपदार्थ आपल्या जंगलातल्या पळसाच्या पानांच्या द्रोणात किंवा कोऱ्या खाकी कागदात द्यावेत. रद्दीच्या कागदात नको, कारण छपाईची शाई खाण्यात उतरते आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही ते टाळायला सांगितले आहे.

‘आपोआप विरघळते’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हिरव्या पिशव्यांबद्दलही सावध राहावे. खरी कंपोस्टेबल पिशवी आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाची असते आणि तसे तिच्यावर छापलेले असते. ती विरघळायला कंपोस्ट कारखान्यातली उष्णता आणि ओलावा लागतो. नालीत किंवा तलावाच्या काठावर पडली तर ती बराच काळ प्लास्टिकसारखीच पडून राहते.

आपल्याकडे पावसाळा लांब आणि दमट असतो. ओली सुती पिशवी घडी घालून ठेवली की तिच्यावर बुरशीचे काळे डाग पडतात आणि कापड कुजते. म्हणून प्रत्येक पिशवीबरोबर एक वाक्य जावे: धुऊन उलटी करून वाळवा, ओली घडी घालू नका.

फलकावरचा मजकूर

पिशवीच्या दुकानासमोर, बचत गटाच्या टेबलावर आणि आपल्या मागणीपत्रात हा मजकूर वापरता येईल. आकडे त्या दिवसाचे घालावेत.

कापड: १०० टक्के सुती मांजरपाट, न रंगवलेला. धुतल्यानंतर किमान १४० जीएसएम.
माप: लहान ८ × १०, मध्यम १० × १२, बाजाराची १३ × १६, मोठी १५ × १८ × ४ इंच. माप धुतल्यानंतरचे.
शिलाई: तळाला घडी, बाजूला दुहेरी शिलाई, बंदावर चौकोन आणि फुली.
भार: १३ × १६ ची पिशवी दहा किलोला तपासलेली.
वजन: १३ × १६ च्या शंभर पिशव्यांचा गठ्ठा किमान ५.५ किलो.
भाव: ५० नगांना ५५ रुपये, ५०० नगांना ४० रुपये, २००० नगांना ३९ रुपये. छपाई एका रंगात धरून.
जुनी साडी आणून द्या: शिलाई, कापणी आणि दोऱ्याचे १२ रुपये.
ही पिशवी यासाठी नाही: मासळी, मटण, दही, तेल, मीठ. त्यांना डबा, बाटली किंवा बरणी आणा.
फाटली तर परत आणा, दुरुस्त करून देऊ.

माझ्या मागण्या तीनच आहेत. पहिली, पुढच्या मागणीपत्रात वरच्या मजकुरातल्या कापड, माप, शिलाई, भार आणि वजन या ओळी घाला. त्यांच्यासह दर मागवला की सगळे दर एकाच मालाचे येतील आणि मग सगळ्यांत कमी दर घ्यायला कुणाचीच हरकत राहणार नाही. दुसरी, दर उघडण्याआधी नमुना धुऊन बघा, आणि माल आल्यावर गठ्ठा काट्यावर ठेवा. तिसरी, पिशव्या फुकट वाटू नका. तमिळनाडू सरकारने २०२१च्या डिसेंबरमध्ये पिवळ्या कापडी पिशवीची मोहीम सुरू केली आणि पुढे बाजारांत दहा रुपये घालून पिशवी मिळेल अशी यंत्रे बसवली. आपल्याकडे यंत्र नसले तरी चालेल. भाजीबाजाराच्या तोंडाशी बचत गटाचे एक टेबल असावे, चाळीस रुपये ठेव घेऊन पिशवी द्यावी आणि चांगल्या स्थितीत परत आणली तर तीस रुपये परत द्यावेत. विसरून आलेल्याची सोय होईल, आणि पिशवीची किंमतही त्याच्या लक्षात राहील.

दंडाची पावती फाडण्याचा अधिकार आपल्याकडे आहेच. दुकानदाराला दंड करताना त्याच्या हातात कोणती पिशवी द्यायची, हेही आपण त्याच कागदावर लिहून दिले, तर तो पुढच्या वेळी कापडाच्या नावाखाली प्लास्टिक घेणार नाही. नमुना, तपासलेले तुकडे आणि कापणीचे कागदी साचे मी आपल्यापैकी कुणालाही आणून दाखवायला तयार आहे.

आपली नम्र,
कापडी पिशव्या शिवणारी एक दुकानदार
भंडारा